उंचीचे वेगशिखर: सूत्राची तारीख आणि नोंदवहीची तारीख

प्रश्न: माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे आणि नाशिकमध्ये ८०० व १५०० मीटर धावण्याचा सराव करतो. त्याची उंची जानेवारीत १४९.८, एप्रिलमध्ये १५२.४ आणि जुलैमध्ये १५३.३ सें.मी. भरली. बसून मोजलेली उंची जानेवारीत ७७.५ आणि जुलैत ७८.६ होती. प्रशिक्षक म्हणतात की त्याची पीक हाइट व्हेलॉसिटी एप्रिलमध्येच होऊन गेली. मोबाइलवरच्या सूत्राने ती होण्याचे वय जानेवारीत १४.० वर्षे आणि आता १४.२ वर्षे असे दिले. यातले खरे काय मानायचे?

उत्तर: आपण दिलेल्या आकड्यांवरून पीक हाइट व्हेलॉसिटी, म्हणजे उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचे वेगशिखर, एप्रिलमध्ये होऊन गेले असे म्हणता येत नाही, आणि सूत्राने दिलेल्या दोन्ही वयांपैकी एकही तारीख म्हणून धरता येत नाही. मुलगा झपाट्याने वाढण्याच्या काळात शिरला आहे एवढे मात्र या नोंदींतून बऱ्यापैकी विश्वासाने दिसते, आणि तो अजून चढणीवर असावा असे मला वाटते. या मताचे कारण आपल्याच आकड्यांवर दाखवतो.

एप्रिलच्या मापापासून सुरुवात करू. जानेवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत २.६ सें.मी. वाढ दिसते, म्हणजे वर्षाला १०.४ सें.मी. असा वेग येतो. पुढच्या तीन महिन्यांत ०.९ सें.मी. वाढ दिसते, म्हणजे वेग ३.६ वर येतो. शरीराची वाढ अशी एका तिमाहीत धावून दुसऱ्या तिमाहीत थबकत नाही. वेगशिखराच्या दोन्ही बाजूंचा उतार काही महिन्यांत पसरलेला असतो. त्यामुळे असा उंच-सखल आकडा दिसला की मी आधी मुलाकडे पाहत नाही, मोजण्याकडे पाहतो. एप्रिलची उंची सकाळी घेतली होती का, हे प्रशिक्षकांना जरूर विचारा. शाळा सुरू असताना आपल्याकडे बहुतेक मैदानांवर मुलांची मापे संध्याकाळी घेतली जातात, आणि उन्हाळ्याच्या शिबिरात मात्र ऊन चढण्याआधी, सकाळी साडेसहाला. झोपून उठल्यावर पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात. दिवसभर उभे राहून, धावून त्या दबतात, आणि त्यातली बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होते. सकाळ-संध्याकाळचा हा फरक एक सेंटिमीटरच्या आसपास सहज जातो. एप्रिलचे माप या कारणाने ०.८ सें.मी. जास्त आले असे धरून १५१.६ लिहून पाहा: पहिल्या तिमाहीचा वेग ७.२ येतो आणि दुसरीचा ६.८. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी नीट बसतात, आणि एप्रिलचे शिखर नाहीसे होते.

माप अगदी काळजीपूर्वक घेतले तरी तीन महिन्यांचे अंतर अपुरे पडते, आणि हे गणित प्रत्येक प्रशिक्षकाने एकदा स्वतः करून पाहावे असे मला मनापासून वाटते. चांगल्या हाताने घेतलेल्या मापातही तीन मिलिमीटरची चूक इकडे-तिकडे राहतेच. दोन मापांची वजाबाकी केली की दोन्ही मापांतल्या चुका एकत्र येतात आणि फरकातली चूक सुमारे चार मिलिमीटरची होते. तिमाहीतला फरक वार्षिक वेगात आणण्यासाठी आपण त्याला चारने गुणतो, तेव्हा चूकही चारपट होऊन वर्षाला १.७ सें.मी. एवढी होते. सहा महिन्यांच्या अंतरावर तीच चूक ०.८५ राहते आणि बारा महिन्यांच्या अंतरावर ०.४. मुलांच्या वेगशिखराची उंची सर्वसाधारणपणे वर्षाला नऊ ते दहा सें.मी. आणि त्याआधीचा संथ वेग पाचच्या जवळपास असतो. म्हणजे ज्या चढाचा शोध घ्यायचा तो जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा आहे. त्यात १.७ ची चूक असेल, तर प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या मुलाच्या कागदावर एखादे खोटे शिखर उभे राहणार. म्हणून मोजमाप दर तीन महिन्यांनी घ्यावे, पण वेग सहा महिन्यांच्या अंतरावर काढावा, आणि अंतिम निर्णय पूर्ण वर्षाच्या वाढीवर द्यावा. पूर्ण वर्ष धरल्याने ऋतूनुसार वाढीत होणारा चढउतारही आपोआप वगळला जातो.

आपल्या मुलाच्या बाबतीत जानेवारी ते जुलै ही दोनच टोके घेतली तर सहा महिन्यांत ३.५ सें.मी., म्हणजे वर्षाला ७.० सें.मी. हा वेग मिळतो. दोन्ही मापे एकाच वेळेला घेतली असतील तर हा आकडा मी वापरण्याजोगा मानतो.

आता सूत्राविषयी. आपल्या मोबाइलवर जे सूत्र आहे ते आकड्यांवरून २०१५ चे मूर आणि सहकाऱ्यांचे सुटसुटीत सूत्र दिसते, कारण आपली मापे त्यात घातली की तीच उत्तरे येतात. त्याआधी २००२ मध्ये मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी पायांची लांबी आणि वजनही धरणारे सूत्र दिले होते. मूर यांनी मुलग्यांसाठी त्यातले वय आणि बसून मोजलेली उंची एवढेच ठेवले:

```
offset = -8.128741 + 0.0070346 * age * sitting_height
APHV   = age - offset
```

यातल्या पहिल्या ओळीचा आकडा, ज्याला मॅच्युरिटी ऑफसेट म्हणतात, मूल वेगशिखरापासून किती वर्षे अलीकडे किंवा पलीकडे आहे ते सांगतो. वजा चिन्ह असेल तर शिखर अजून यायचे आहे. दुसरी ओळ आजच्या वयातून तो आकडा वजा करून वेगशिखराचे वय देते. एकदाच मोजून उत्तर मिळते म्हणून शाळा आणि अकादम्यांमध्ये हे फार लोकप्रिय झाले आहे, आणि अडचणही तिथेच आहे.

माझ्या नोंदवहीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. तो पेठ तालुक्यातून नाशिकला वसतिगृहात आलेला धावपटू होता आणि बाराव्या वर्षापासून साडेसोळाव्या वर्षापर्यंत मी त्याला दर सहा महिन्यांनी मोजले. बाराव्या वर्षी त्याची उंची १४१.२ होती. मग साडेबारा, तेरा आणि साडेतेरा वर्षांना ती १४३.६, १४५.९ आणि १४८.१ झाली, म्हणजे वर्षाला साडेचार-पाच सें.मी.ची संथ चाल; बरोबरीची मुले डोळ्यांदेखत उंच होत होती आणि त्याचे वडील दर भेटीला काळजीने विचारत. चौदाव्या वर्षी १५०.७, साडेचौदाला १५४.२, पंधराला १५८.७, साडेपंधराला १६३.०, सोळाला १६६.२ आणि साडेसोळाला १६८.३.

यातून वर्षभराची वाढ काढायची ती प्रत्येक सहा महिन्यांनी खिडकी पुढे सरकवून. साडेतेरा ते साडेचौदा या वर्षात ६.१ सें.मी., चौदा ते पंधरा या वर्षात ८.०, साडेचौदा ते साडेपंधरात ८.८, पंधरा ते सोळात ७.५, आणि साडेपंधरा ते साडेसोळात ५.३. सर्वांत मोठा आकडा ८.८ आहे आणि त्या वर्षाचा मध्य १५.० हा आहे. शेजारचे दोन आकडे, ८.० आणि ७.५, यांच्यातला पहिला किंचित मोठा आहे, म्हणून खरे शिखर मध्यापासून जरासे अलीकडे सरकते. तिन्ही बिंदूंमधून वक्र काढला तर ते १४.९ वर्षांवर येते. एवढ्याला संगणकही लागत नाही, आलेखकागद पुरतो.

आता त्याच मुलाला सूत्र काय सांगत होते ते पाहा. बाराव्या वर्षी बसून मोजलेली उंची ७१.६ होती, उत्तर आले १४.१. तेराव्या वर्षी ७३.७, उत्तर १४.४. चौदाव्या वर्षी ७५.८, उत्तर १४.७. पंधराव्या वर्षी ७९.८, तेव्हाही १४.७. म्हणजे ज्या वयात अंदाजाची खरी गरज होती त्या बाराव्या वर्षी सूत्र जवळजवळ दहा महिने चुकले, आणि सुधारले ते शिखर दारात आल्यावर.

तारीख अशी पुढे का सरकते, हे समजले तर आपल्या १४.० आणि १४.२ चा उलगडा होतो. बारा ते तेरा या एका वर्षात त्या मुलाचा ऑफसेट वजा २.०८ वरून वजा १.३९ वर आला. कॅलेंडरमध्ये पूर्ण एक वर्ष गेले, पण सूत्राच्या घड्याळात जेमतेम ०.७ वर्ष गेले. उरलेले ०.३ वर्ष सूत्राने मुकाट्याने शिखराच्या तारखेत मिळवले. चौदा ते पंधरा या वर्षात जेव्हा तो खरोखर झपाट्याने वाढला, तेव्हा ऑफसेट वजा ०.६६ वरून अधिक ०.२९ वर गेला, म्हणजे घड्याळ जवळजवळ एक वर्षाच्या गतीने चालू लागले. सूत्र सरासरी मुलावर बेतलेले आहे. उशिरा वयात येणाऱ्या मुलाला ते सरासरीकडे ओढून अलीकडची तारीख देते, आणि लवकर वयात येणाऱ्याला पलीकडची. पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे वर्षानुवर्षे मोजलेल्या मुलांच्या नोंदींवर मलिना आणि कोझिएल यांनी २०१४ मध्ये मिरवाल्ड यांचे सूत्र तपासले तेव्हा हेच आढळले: अंदाजाचे वय मोजणीच्या वयाबरोबर वाढत जाते आणि सगळ्या मुलांचे अंदाज सरासरीभोवती गोळा होतात. ज्या दोन टोकांच्या मुलांसाठी आपण हा खटाटोप करतो, त्यांच्याच बाबतीत सूत्र सर्वांत जास्त चुकते, ही त्याची खरी मर्यादा आहे.

म्हणून आपल्याकडे अंदाज सहा महिन्यांत १४.० वरून १४.२ वर सरकला, याचा अर्थ मुलात काही बिघडले असा मुळीच नाही. अंदाज सरकत राहणे ही स्वतंत्र माहिती म्हणून मात्र मी जपून वापरतो: सातत्याने पुढे जाणारी तारीख कधी कधी उशिरा वयात येणाऱ्या मुलाची खूण असते.

आपल्या महाराष्ट्रात यात आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागातून येणाऱ्या मुलांच्या दाखल्यांवर अजूनही ती तारीख मला नेहमीच्या प्रमाणापेक्षा फार जास्त दिसते. अशा मुलाचे वय कागदावर एक वर्षाने चुकले असेल, तर बसलेली उंची ७५ सें.मी. असताना सूत्राचे उत्तर जवळजवळ अर्ध्या वर्षाने सरकते, कारण वय सूत्राच्या पोटातच आहे. वारंवार घेतलेल्या मापांना ही बाधा होत नाही. वेगशिखर कॅलेंडरच्या कोणत्या महिन्यात आले हे ठरवायला जन्मतारीख लागतच नाही. दोन मापांमधले दिवस नेमके माहीत असले की पुरते. सरावाची आखणी करणाऱ्याला तोच महिना हवा असतो. त्यामुळे माझ्या नोंदवहीत वयाच्या रकान्याआधी मापाची पूर्ण तारीख असते, आणि “तिमाही दुसरी” असे लिहिलेली नोंद मी स्वीकारत नाही.

आता चढण की उतार, हा प्रश्न. वर्षाला सात सें.मी. हा वेग शिखराच्या आधीही असतो आणि नंतरही. आपल्याकडे मागच्या वर्षाची मापे असतील, शाळेच्या आरोग्य तपासणीतले एखादे माप असले तरी, ते आधी शोधा. तोवर आपल्या नोंदीत दुसरा एक धागा आहे. सहा महिन्यांत एकूण उंची ३.५ सें.मी. वाढली, त्यातली बसलेली उंची १.१ वाढली, म्हणजे पाय २.४ सें.मी. वाढले. पौगंडावस्थेत आधी पाऊल लांबते, मग पाय, आणि धड सर्वांत शेवटी. पायांच्या वाढीचे शिखर एकूण उंचीच्या शिखराआधी येते आणि धडाचे त्यानंतर. वाढीतला दोन-तृतीयांश वाटा पायांचा असेल तर मूल बहुधा अजून चढणीवर असते. शिखर ओलांडल्यावर धडाचा वाटा वाढतो. गेल्या वर्षभरात बुटाचा नंबर भराभर बदलला आणि आता थांबला का, हेही आठवून पाहा. बसलेल्या उंचीच्या मापात चूक जास्त होते, मूल किती ताठ बसले यावर ती अवलंबून असते, म्हणून या धाग्यावर मी मत देतो, निकाल देत नाही. बालरोगतज्ज्ञांनी एकदा प्रत्यक्ष तपासणी केली तर वयात येण्याचा टप्पा कळतो आणि शंका बरीच कमी होते. ही तपासणी डॉक्टरांनीच, पालकांच्या उपस्थितीत आणि मुलाच्या संमतीने करायची असते.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सुरुवातीच्या काळात मी एका शाळेत चाळीसएक मुलांची मापे दोन सत्रांत घेतली. दुसऱ्या सत्राचे आकडे मांडले तेव्हा लहान-मोठे, मुलगे-मुली, सगळ्यांचाच वेग एकदम घटलेला दिसला. सगळी मुले एकाच तिमाहीत थबकत नाहीत. जाऊन पाहिले तर मधल्या काळात भिंतीला रंग देऊन मोजपट्टी नव्याने चिकटवली होती. तिचे शून्य फरशीला टेकलेले नव्हते, आणि भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीमुळे मुलांच्या टाचा भिंतीला लागतच नव्हत्या. त्या दिवसापासून मी एक मीटर लांबीची धातूची कांब जवळ ठेवतो, मोजणी सुरू करण्यापूर्वी ती उभी करून साधन तपासतो, आणि त्या दिवसाच्या सर्व मुलांच्या वेगांची सरासरी पाहिल्याशिवाय एकाही मुलाबद्दल बोलत नाही. आपल्या अकादमीतल्या इतर मुलांचाही वेग एप्रिलमध्ये चढून जुलैत उतरला असेल, तर दोष एप्रिलच्या मापाचा आहे हे लगेच सिद्ध होईल. प्रशिक्षकांना पाच-सहा मुलांचे आकडे शेजारी मांडायला सांगा.

माप घेताना मूल अनवाणी, टाचा जुळवून आणि मागे टेकवून उभे असावे. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत यावी. खोल श्वास घ्यायला सांगून डोक्यावरची फळी केस दाबून टेकवावी. मापे दोन घ्यावीत, मधे मुलाला बाजूला होऊ द्यावे, आणि दोन्हींत चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरे घेऊन मधले लिहावे. वेळ सकाळची की संध्याकाळची याला महत्त्व नाही. दर वेळी तीच असण्याला आहे, आणि सरावाच्या आधीच माप घ्यावे. मोजणारा माणूसही शक्यतो तोच असावा. वसतिगृहातली मुले दिवाळीला आणि मे महिन्यात गावी जातात, म्हणून माझ्या तारखा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलेल्या आहेत.

अकादमीत बरीच मुले असतील आणि प्रत्येकाची तीन-चार वर्षांची मापे जमली असतील, तर टिम कोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली सिटार ही पद्धत उपयोगी पडते. ती सगळ्या मुलांचा मिळून एक सरासरी वक्र काढते आणि प्रत्येक मूल त्यापासून उंचीत किती वर-खाली, काळात किती आधी-नंतर आणि वेगात किती तीव्र आहे एवढे तीनच आकडे सांगते, त्यामुळे एखादे माप चुकले किंवा राहिले तरी निभावते. एका मुलाच्या तीन मापांवर मात्र ती चालवू नये.

वेगशिखराची तारीख ते ओलांडल्यानंतरच कळते, हे प्रशिक्षकांना पटवून द्या. वर सांगितलेल्या मुलाचे शिखर १४.९ ला होते आणि मी ते नोंदवहीत पक्के लिहिले तो सोळा वर्षांचा झाल्यावर. सरावाच्या निर्णयांसाठी तेवढी वाट पाहण्याची गरजही नाही. तिथे फक्त मूल वेगवान काळात आहे का एवढे पुरते, आणि सहा महिन्यांवर काढलेला वेग सात सें.मी.च्या घरात गेला की मी ते तसे धरतो. या काळात गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखू लागले तर उड्या आणि उतारावरचे धावणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे, आणि आठवड्याला धावण्याचे अंतर वाढवण्याचा विचार पुढे ढकलावा.

ऑक्टोबरचे माप जुलैच्याच वेळेला घ्या, पण त्यावरून वेग काढू नका. जानेवारीत जुलैपासूनची वाढ मोजा. ती ४.३ सें.मी. किंवा जास्त असेल तर मुलगा अजून चढत आहे. ती २.७ किंवा कमी असेल तर शिखर बहुधा जुलैच्या आधीच होऊन गेले. मधला आकडा आला तर फरक मोजण्याच्या चुकीत बुडालेला आहे. एप्रिलपर्यंत थांबा आणि ऑक्टोबर ते एप्रिल ही खिडकी काढून पुन्हा पाहा.